आधी नक्कल, मग नाश

बारनिशीकाकांनी उभ्या आयुष्यात प्रेमपत्र म्हणून काही लिहिलं असेल, तर त्यालाही त्यांनी 'विषय' आणि 'संदर्भ' घातला असणार, असं त्यांची बायको खुशाल म्हणते. चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत बारनिशी, म्हणजे कागदांची आवक-जावक, आणि पुढे दफ्तरखाना सांभाळला. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का, क्रमांक, तारीख. कुठला कागद किती वर्षं ठेवायचा आणि कधी जाळायचा, हे त्यांना तोंडपाठ. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी किराण्याच्या यादीखाली सही केल्याशिवाय त्यांचा हात थांबत नाही. माणूस सरळ. फक्त मनातलं बोलायची वेळ आली की दातखीळ बसते.

त्यांची मुलगी चार महिन्यांपूर्वी माहेरी आली. बाळंतपण झालं होतं, पण बाळ नव्हतं. पूर्ण दिवस भरलेला मुलगा, जन्मला तेव्हा श्वास नव्हता. दवाखान्याच्या कागदावर 'पुरुष, मृतजात' एवढंच होतं. घरात त्यानंतर कुणी त्याचा विषय काढला नाही. जावई नोकरीच्या गावी, आठवड्यातून एकदा येई. घरातली तिघंही एकमेकांना इतकं जपत होती की बोलायला म्हणून हवापाणी आणि भाजीच उरली.

एका सकाळी मुलीचा फोन काकांच्या शेजारी टेबलावर पडला होता आणि त्याची काच उजळली. ऑनलाइन दुकानाची मेल. 'तुमचं बाळ आता चार महिन्यांचं झालं! पुढच्या मापाचे डायपर सवलतीत.' काकांनी ते वाचलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलीला दिवस गेले तेव्हा तिने त्या दुकानाच्या साइटवर बाळाच्या वस्तूंची यादी केली होती, प्रसूतीची तारीखही भरली होती. दुकानाच्या लेखी ते बाळ दर महिन्याला वाढत होतं.

काकांनी कुणाला विचारलं नाही. साइटच्या तळाशी बारीक अक्षरात असलेलं गोपनीयता धोरण शोधलं, चष्मा पुसून तीनदा वाचलं, त्यातला माहिती संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता उतरवून घेतला आणि मेल लिहायला बसले. 'विषय: ग्राहकाची समग्र व्यक्तिगत माहिती कायमस्वरूपी नष्ट करणेबाबत.' खाली मुद्दे. खातं, पत्ते, खरेदीचा इतिहास, याद्या, जाहिरातींसाठी केलेलं वर्गीकरण, आणि ज्या ज्या तिसऱ्या पक्षाला माहिती दिली त्यांनाही तसं कळवावं. 'व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यान्वये प्राप्त अधिकारात ही मागणी करण्यात येत असून, विहित मुदतीत कार्यवाही न झाल्यास वरिष्ठ प्राधिकरणाकडे दाद मागण्यात येईल.' निवृत्तीनंतर इतकं समाधान त्यांना कशानेच मिळालं नव्हतं.

पण मेल गेली काकांच्या पत्त्यावरून आणि खातं होतं मुलीचं. दुसऱ्याचं खातं कुणीही उठून पुसायला सांगावं आणि दुकानाने पुसावं, असं होत नसतं. दुकानाने नियमाप्रमाणे मुलीच्याच नोंदवलेल्या पत्त्यावर विचारणा केली. तुमच्या वतीने अशी मागणी आली आहे. ती तुमचीच असेल तर सात दिवसांत खालच्या दुव्यावरून लॉगिन करून खात्री द्या, नाहीतर अर्ज बंद होईल. बिलं करविषयक कायद्याप्रमाणे काही वर्षं ठेवावी लागतात, बाकी सगळं पुसलं जाईल. पुसल्यावर परत मिळणार नाही.

मुलगी फोन घेऊन बाहेरच्या खोलीत आली. चार महिन्यांत तिचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता.

"कोणाला विचारून केलंत हे, बाबा?"

"अगं, तुला त्रास होतो म्हणून. दर महिन्याला मेल येते ती..."

"माहितेय मला येते ते! बंद करायची असती तर मी खालचं एक बटण दाबलं असतं. तुम्ही आतलं वाचलंत का कधी?"

काकांनी मान हलवली. वाचलं नव्हतं.

"आत त्याचं नाव असतं. यादी करताना रकाना होता, बाळाचं नाव. आम्ही दोघांनी ठरवलं होतं, तो आल्यावरच सगळ्यांना सांगायचं. तो असा आला, मग कुणी विचारलंच नाही." ती थांबली. "जगात त्याला नावाने हाक मारणारं तेवढंच एक आहे, बाबा. एक दुकान. मला ते वाचवत नाही आणि बंदही करवत नाही."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. काकांना वाटलं, आपण कुणाच्या तरी घरात शिरून दफ्तर जाळायला निघालो होतो. त्यांना रडू आलं नाही. फक्त हात कुठे ठेवावेत ते कळेना.

 तिसऱ्या दिवशी काका मुलीसमोर बसले आणि त्यांना येत होती त्याच भाषेत बोलले.

"आमच्याकडे एक रीत होती. कागद जाळायचा तर आधी नक्कल करून घ्यायची, पडताळायची, मग नाश. मी घाईत उलटं केलं. चूक माझी. आपल्याबद्दल काय काय लिहून ठेवलंय त्याची प्रत मागण्याचाही हक्क आहे. धोरणात लिहिलंय. आधी ती मागू. पुढचं तू ठरव. नाही पुसलंस तरी चालेल."

"नाव मी माझ्या वहीत लिहू शकते की," ती म्हणाली.

"ते तू लिहिलेलं होईल. दफ्तरात होतं, हे वेगळं."

तिने फोन उघडून त्यांच्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "लिहा. पण माझ्या मेलवरून."

या वेळचा मसुदा चार ओळींचा झाला. पुसण्याची कार्यवाही तूर्त थांबवावी, आधी प्रत द्यावी. आठव्या दिवशी उत्तर आलं. कुलूपबंद फाइल, तिचा पासवर्ड वेगळ्या संदेशात. काकांनी ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे नेली नाही. आपल्या जुन्या कुरकुरणाऱ्या प्रिंटरवर छापली आणि मुलीसोबत एकेक पान पडताळलं. दोन पत्ते, एक्केचाळीस खरेद्या, कार्डाचे शेवटचे चार आकडे. सातव्या पानावर यादी, आणि तिथे ते नाव. काकांनी बोट ठेवलं, पण मोठ्याने वाचलं नाही. पुढच्या पानावर 'ग्राहकाचा वर्ग' असा रकाना होता. त्यात लिहिलं होतं, 'माता'.

"हे कुणी लिहिलं?" मुलीने विचारलं.

"माणसाने नसेल लिहिलं. यंत्राने ठरवलं असेल," काका म्हणाले. "पण बरोबर आहे."

ती तेव्हा रडली. आई येऊन शेजारी बसली, तीही रडली, आणि काका पानं एकावर एक नीट लावत राहिले.

पुढच्या आठवड्यात मुलीनेच पुन्हा अर्ज केला आणि दुव्यावर जाऊन स्वतः खात्री दिली. काही दिवसांनी शेवटची मेल आली. आपली माहिती पुसण्यात आली आहे, बिलं तेवढी कायद्याप्रमाणे राहतील, जुन्या बॅकअपमधल्या नोंदी नव्वद दिवसांत आपोआप जातील, यापुढे आमच्याकडून जाहिरात येणार नाही.

खरंच आली नाही. मेलची नेहमीची तारीख उजाडली तेव्हा मुलगी सकाळपासून फोन उलटा-सुलटा करत खिडकीशी बसली होती. काकांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. दोनदा घसा खाकरला. मग त्यांनी नातवाचं नाव घेतलं, पहिल्यांदाच, मोठ्याने, आतल्या खोलीत आजीलाही ऐकू जाईल असं, आणि म्हणाले, "आज पाच महिन्यांचा झाला असता."