किलोमीटरला पंचेचाळीस किलो

रेघकाकांचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू होई. गजर लावलेला असे साडेचारचा, पण तो वाजायच्या आत हात पुढे करून ते बंद करत. एकट्या माणसाच्या खोलीत गजर वाजला की फार मोठा वाटतो, म्हणून. स्टोव्हवर चहा, कालची पोळी, अंगात पिवळं जाकीट. मग तिसऱ्या मजल्यावरून बेचाळीस पायऱ्या खाली. जिन्याला दोन्हीकडे भिंत होती आणि कठडा कुठेच नव्हता. काका उतरताना डावा तळवा भिंतीवरून घासत नेत. त्या उंचीवर भिंतीचा रंग कधीच उडून गेला होता.

काम रस्त्यावर पट्टे मारायचं. एकवीस वर्षं झाली होती. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण तोंडी सगळे रेघकाकाच म्हणत.

पूर्वी हे काम दोघांचं होतं. काका पुढे रंगाचं यंत्र ढकलत आणि बायको मागून डब्याच्या चाळणीतून ओल्या रंगावर काचेचे मणी सोडी. साखरेच्या दाण्याहून बारीक मणी. ते ओल्या रंगात अर्धे रुततात, अर्धे वर राहतात, आणि अंधारात गाडीचा दिवा पडला की उजेड उलट गाडीवाल्याच्या डोळ्यांत जातो. मणी नसतील तर पट्टा दिवसा पांढराशुभ्र आणि अंधारात नाहीसा. बायकोच्या हाताला वजन कळे. चौरस मीटरला तीनशे ग्रॅम म्हणजे तीनशेच. तराजूवाल्यानेही तिच्याकडून शिकावं असा हात. काका मागे वळून बघायला लागले की ती म्हणे, "तुम्ही पुढे बघा. मागचं मी बघते." पट्टा सरळ यायचा तर पुढेच बघावं लागतं. यंत्राच्या दांडीवरची लोखंडी सुई आणि रस्त्यावरची सुतळीची खूण, या दोन्हींवरून नजर हलली की रेघ लगेच पोट काढते.

सहा वर्षांपूर्वी बायको गेली. त्याच वर्षी नवं यंत्र आलं. रंगाच्या नळीमागे मण्यांची पेटी, तिला वेगळी नळी, आणि दोन्हींना एकच खटका. आता मागे कुणी नसे.

त्या हंगामात बारा किलोमीटरचा रस्ता होता. हंगाम संपायला तीन आठवडे उरले होते आणि काकांनी मनाशी एक गोष्ट धरली होती. थोरली बहीण, आक्का, लेकाकडे राहत होती. तिथे तिची खाट बोळात होती. स्वयंपाकघरातून मोरीकडे जाणारा प्रत्येकजण तिच्या पायाला लागून जाई. तिचे गुडघे गेलेले, त्यामुळे काकांच्या तिसऱ्या मजल्यावर ती चढू शकत नव्हती. हंगाम पुरा केला आणि पुढच्या हंगामालाही हजेरीत नाव राहिलं, तर तळमजल्याची खोली घ्यायची आणि आक्काला आणायचं.

रोज संध्याकाळी तिचा फोन येई.

"जेवलास का रे?"

"जेवलो."

"काय जेवलास?"

"जेवण."

"ठोंब्याच आहेस तू. एकटा राहून जीभ गंजली तुझी."

"तू ये, म्हणजे घासून देशील."

"येते हो. मला वर न्यायला दोरखंड आणि चार माणसं पाठव." मग ती हसे. हसणं थांबलं की फोनमधून मागच्या भांड्यांचे आवाज येत.

तो दिवस डाव्या कडेच्या पट्ट्याचा होता. सलग पट्टा, रुंदी पंधरा सेंटीमीटर, लांबी चार किलोमीटर. काकांचा हिशोब तोंडपाठ होता. एका किलोमीटरला दीडशे चौरस मीटर. चौरस मीटरला चारशे मिलिलिटर रंग, म्हणजे साठ लिटर, वीस लिटरचे तीन डबे. मणी किलोमीटरला पंचेचाळीस किलो. चार किलोमीटरला रंगाचे बारा डबे आणि मण्यांच्या पंचवीस किलोच्या सात गोण्या, वर पाच किलो.

नऊपर्यंत दव वाळायची वाट बघितली. ओल्या रस्त्यावर रंग धरत नाही. मग सुरुवात केली. मागून मालाची गाडी सावकाश येत होती. तिचा चालक थांबला की डोळे मिटी, म्हणून त्याचं नाव डुलकी. दर किलोमीटरला थांबा. काका रंग ओतत, डुलकी मणी.

चार किलोमीटर पुरे झाले तेव्हा तीन वाजले होते. पट्टा बघून डुलकी म्हणाला, "काका, याच्याशेजारी दोरी ताणली तरी पट्टाच जास्त सरळ दिसेल."

काकांनी नळ्या धुतल्या, पेटीतले उरलेले मणी गोणीत परत ओतले आणि सवयीप्रमाणे माल मोजला. रंगाचे बारा डबे रिकामे. बरोबर. मण्यांच्या गोण्या रिकाम्या पाच. सहावी वजनकाट्यावर ठेवली. चोवीस.

"डुलकी, रिकामी गोणी कुठे उडाली का?"

"पाचच संपल्या की."

"सात संपायला हव्या होत्या. आठवीतले पाच किलो."

"मग वाचले. बक्षीस मागा मुकादमाकडे."

काका गाडीच्या पायरीवर बसले. लागायला हवे होते एकशे ऐंशी किलो, गेले एकशे सव्वीस. चोपन्न किलो कमी. पंचेचाळीसने भागलं तर एक पूर्णांक दोन दशांश. म्हणजे कुठेतरी बाराशे मीटर पट्ट्यावर मणी पडलाच नव्हता. किंवा सगळीकडे थोडाथोडा कमी पडला होता. कुठला प्रकार, ते रस्ताच सांगणार होता.

ते गाडीत बसून सुरुवातीच्या टोकाला गेले आणि तिथून पायी निघाले. रस्ता एका हलक्या वळणाखेरीज पूर्वेकडे सरळ जात होता. ऊन पाठीमागून, खाली आलेलं. काकांची सावली पुढे लांबच लांब पट्ट्यावर पडली होती, आणि सावलीच्या डोक्याभोवती पट्टा चमचमत होता. ताज्या मण्यांवर पाठीमागून ऊन आलं की असं होतं. बायको या वेळेला स्वतःच्या सावलीकडे बोट दाखवून म्हणे, "बघा, देवीसारखं तेज आलंय मला." काका चालत राहिले. सावलीभोवतीचं तेज त्यांच्याबरोबर पुढे पुढे सरकत होतं. सोबत म्हणून तेवढंच.

पहिल्या किलोमीटरची खूण मागे पडली. थोडं पुढे गेल्यावर तेज विझलं. नुसती काळी सावली, नुसता पांढरा रंग.

काका गुडघ्यावर बसले, पट्ट्यावर तळवा फिरवला. मणी असलेला पट्टा काचकागदासारखा खरखरीत लागतो. हा गुळगुळीत होता. कोरडाही झाला होता. आता वरून मणी टाकले तरी वाऱ्याने उडून जाणार.

पूल येईपर्यंत तसंच होतं. पुलाच्या सांध्यावर पट्टा मारताना यंत्राला जोराचा दणका बसला होता, ते काकांना आठवलं. तिथून पुढे सावलीला पुन्हा तेज आलं. सगळं उलगडलं. रात्रभर गाडीत ओल्या फळीवर राहिलेल्या गोणीत गठ्ठा झाला असणार. तो पहिल्या थांब्यानंतर पेटीच्या तोंडाशी अडकला आणि पुलावरच्या दणक्याने फुटला.

"दोन किलोमीटरच्या थांब्याला पेटी भरलेली होती?" त्यांनी मागून गाडी घेऊन आलेल्या डुलकीला विचारलं.

"तुडुंब. मला वाटलं, तुम्ही भरली."

"मला वाटलं, तू भरलीस."

 मग डुलकी हळूच म्हणाला, "काका, दिवसा कुणाला दिसत नाही. उद्या तपासणीचे साहेब दुपारी येणार. रुंदी मोजतील, चहा पितील, जातील."

"अंधारात गाडीवाल्याला दिसणार नाही. त्या पट्ट्यात वळण आहे."

"सांगितलंत तर हजेरीतून तुमचं नाव जाईल."

काका मुकादमाकडे निघाले. मुकादमाची खोली म्हणजे रस्त्याकडेचा पत्र्याचा डबा. दारात उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, गोण्यांच्या आकड्यासकट. मुकादम आधी हसला, मग त्याच्या लक्षात आलं की माणूस थट्टा करत नाही.

"कुणी विचारलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"मग कशाला खाज सुटली? दुसरा हात मारायचा तर रंग लागणार. आणू कुठून?"

"बहात्तर लिटर. चार डब्यांत होतं. तुमच्याकडे सहा जास्त आहेत."

"कुठले सहा?"

"मधल्या रेषेचे. बारा किलोमीटर तुटक रेषा, पंधरा सेंटीमीटर. तुम्ही अर्धी रेषा, अर्धी फट असं धरून अठरा डबे मागवलेत. पण तीन मीटर रेषा आणि सहा मीटर फट आहे. म्हणजे तिसरा हिस्साच पांढरा. सहाशे चौरस मीटर, दोनशे चाळीस लिटर, बारा डबे. मणीही तसेच नव्वद किलो जास्त आलेत. मला चोपन्न पुरतील."

मुकादमाने कागद काढला, पेन्सिल चालवली, खोडलं, पुन्हा चालवली. त्याचे कान लाल झाले. रंग वाचला याचा आनंद त्याला झाला नाही. ज्याने दाखवलं त्याच्याकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"उद्या साहेब यायच्या आत करायचं. डुलकीला मधल्या रेषेच्या खुणांवर पाठवणार आहे. एकट्याने करा. आणि ती हजेरी लागणार नाही."

"बरं."

"पुढच्या हंगामाला मी नवा माणूस बघतोय. तुम्ही आता आराम करा काका."

"बरं," काका म्हणाले.

संध्याकाळी आक्काने विचारलं, "आज आवाज का बसलाय?" काका म्हणाले, "धूळ." तळमजल्याच्या खोलीचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही. पुढेही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नऊ वाजता एकट्याने सुरुवात केली. मणी आधी चाळून घेतले. शंकू स्वतः मांडले, सुतळी स्वतः धरली. खटका दाबून दहा पावलं जायचं, यंत्र थांबवून मागे यायचं, वाकून पट्टा बघायचा, पुन्हा पुढे. पुढचं बघायचं आणि मागचंही. बाराशे मीटरच्या रस्त्यावर ते तसे किती चालले, त्याचा हिशोब मात्र त्यांनी केला नाही. साडेबाराला शेवटचा शंकू उचलला. गोण्या दोन रिकाम्या, तिसरीतले चार किलो गेलेले. चोपन्न.

साहेब आले, रुंदी मोजली, चहा प्याले, गेले.

हंगाम संपला. उरलेला पगार एकदम हातात आला. तळमजल्याच्या खोलीला तो पुरणार नव्हता आणि पुढे काम नव्हतं. काका दोन दिवस खोलीत बसून होते. तिसऱ्या दिवशी फूटपट्टी घेऊन जिन्यात उतरले. पायऱ्या बेचाळीस. कठड्याची नळी सोळा मीटर. भिंतीत पकडी बावीस. आक्काच्या कोपराची उंची त्यांनी फोनवरच विचारून घेतली.

"शिंपी झालास की काय?" ती म्हणाली.

घरमालकाने परवानगी दिली, पैसे दिले नाहीत. ते उरलेल्या पगारातून गेले. वेल्डरने नळी बसवली. काकांनी प्रत्येक पकडीला लोंबकळून बघितलं आणि दोन पुन्हा करून घेतल्या.

रविवारी आक्का राहायला आली. दोन जागी बसली, तीनदा त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या, एकदा म्हणाली की परत जाते. पण हात कठड्यावरून काढला नाही. वर पोचायला सव्वीस मिनिटं लागली. दारात टेकून तिने दम खाल्ला, खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीकडे बघितलं आणि मग जिन्याकडे वळून बघितलं.

"हा कशाचा रे, लोखंडाचा?"

"लोखंडाचा," काका म्हणाले. "एका हंगामाचा."