दुखत होता तो कान

मंडळी, आज सकाळपासून कान ठणकत होता. चिक्कीच्या दुकानात गिऱ्हाईकाचं बोलणं ऐकू येईना, म्हणून लोणावळ्यातल्या एका दवाखान्यात गेले.

मी ट्रान्स बाई आहे हे डॉक्टरांना आवाजावरून कळलं. मग सुरूच झाले. "ऑपरेशन झालंय का? घरी चालतं? लग्नाचं काय?" दार उघडंच होतं, बाहेरचे पेशंट सगळं ऐकत होते. मी आपली उत्तरं देत गेले. शेवटी असह्य झालं, तशी उठून आले.

दुपारी कुसगावच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी आधी दार लोटलं. "काय नावाने हाक मारू?" असं विचारलं. कान तपासला, आत सूज आहे म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सध्या कुठली औषधं चालू आहेत? सगळ्यांनाच विचारते, एकमेकांना बाधू नयेत म्हणून." मी हार्मोनच्या गोळ्यांचं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि परत कानाकडे वळल्या.

डॉक्टर लोकहो, प्रश्नांना माझी ना नाही. फक्त उत्तराने माझे उपचार बदलणार आहेत का, तेवढं आधी बघा.

सकाळच्या डॉक्टरांचं मला सगळं विचारून झालं होतं. कुठला कान दुखतोय, तेवढं राहिलं.