गोलरक्षकाचं एक पान

उत्तय्याला आपण खरं किती ओळखत होतो, हे नाणय्याला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नसतं. दोघांच्या कॉफीच्या बागांमध्ये एकच कुंपण, पण पलीकडचा माणूस मनात काय घेऊन बसलाय ते कुंपणावरून थोडंच दिसतं.

विराजपेटच्या एका मुलींच्या शाळेला हॉकीचे गोलरक्षक तयार करणारा प्रशिक्षक हवा होता. बायको गेल्यापासून उत्तय्याला घर खायला उठायचं, म्हणून ही जागा त्याला मनापासून हवी होती. परिचयाचं पान लिहायचं काम नाणय्याकडे आलं. त्यानं सगळं मांडलं: राज्याचा संघ, देशाचा संघ, अडवलेले पेनल्टी स्ट्रोक, पदकं. मुख्याध्यापिका देचम्मांनी ते परत पाठवलं. खाली लिहिलं होतं, 'यांनी काय अडवलं ते कळलं. मुलींना काय शिकवतील?'

"कोर्स केला, प्रमाणपत्र आहे," उत्तय्या म्हणाला. "पण शिकवलंय कुणाला मी? राहू दे, नाणय्या."

त्याची वहिनी बोजव्वा कॉफी घेऊन आली होती. "मला विसरलास होय रे? कुटुंबाकुटुंबांच्या हॉकी स्पर्धेत, बायका-पुरुष एकत्र खेळतात तिथं, तुझा गुडघा दुखावला आणि आपल्या घराला गोलरक्षक मिळेना, तेव्हा पॅड कुणाला बांधलेस? पन्नाशीची बाई मी. चेंडू आला की डोळे मिटायचे."

"ते घरचं होतं, वहिनी."

"घरचं म्हणून काय झालं? आधी टेनिसच्या चेंडूवर डोळे उघडे ठेवायला लावलेस, मग खरा चेंडू काढलास. आणि ओरडायला शिकवलंस."

"ओरडायला?" नाणय्यानं विचारलं.

"पेनल्टी कॉर्नरला गोलरेषेमागे आपण पाच जण. कोणी पुढे धावायचं, कोणी खांब धरायचा, ते गोलरक्षकानं सांगायचं. सासूसमोर तोंड न उघडणारी मी, भर मैदानात नवऱ्याला म्हटलं, डाव्या खांबावर हो."

"दादा उजव्यावर गेला," उत्तय्या हसू दाबत म्हणाला.

"म्हणून तर गोल झाला."

नाणय्यानं नवं पान घेतलं. या वेळी पदकं तळाला गेली. वर आलं ते हे, की नवख्याची चेंडूची भीती हे पायरीपायरीनं घालवतात, बचावफळी बोलून उभी करायला शिकवतात, आणि स्ट्रोकच्या आधी पोटात काय होतं ते यांना स्वतःला ठाऊक आहे. चौकशीसाठी त्यानं बोजव्वाचा नंबर दिला.

देचम्मांचा फोन आला तेव्हा बोजव्वा इतकी बोलली, की चुलीवरचा भात करपला. पुढच्या सोमवारी उत्तय्या शाळेत रुजू झाला.

बरीच वर्षं शिकवलं त्यानं. मुलींचे पॅड तो कुंपणावर वाळत घालायचा. उत्तय्या गेला त्याआधीचं दोघांचं शेवटचं बोलणं तिथंच झालं.

"नाणय्या, थेंब आले तर आत घेशील ना?"

"घेतो."

"डावा अजून ओला आहे. उलटा करून ठेव."

"बरं."