दोनशेवर लाल टिक

सांगलीतल्या एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये मी कामाला होते, तेव्हाची, शतक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मिरजेच्या एका हॉस्पिटलचं इंटरनेटचं काम आमच्याकडे असे. रक्ताच्या एका दुर्मीळ आजाराचं औषध परदेशातली एक संस्था पाठवायची, पण प्रत्येक पेशंटचा अर्ज दर महिन्याला तिच्या सर्व्हरवर नव्याने भरावा लागे. अर्ज चुकला की त्या महिन्याचं औषध नाही.

फोनची लाइन इतकी रडतखडत चालायची की ब्राउझरमध्ये चित्रांसकट पान उघडेपर्यंत कनेक्शन तुटायचं. म्हणून मी अर्ज curl ने, म्हणजे नुसत्या टाइप केलेल्या आज्ञांवर चालणाऱ्या प्रोग्रॅमने पाठवायची, आणि काय काय घडतंय ते ओळीओळीने दाखवणारं व्हर्बोज लावून. मग पडद्यावर उमटलेलं सगळं खडखडणाऱ्या प्रिंटरवर छापायचं आणि लाल पेनाने ओळीओळीला टिक करायची. ही पद्धत माझीच, आणि मला तिचा बराच तोरा होता.

सुरुवातीला चांदणीची खूण असलेल्या ओळी आधी येत: जोडणी झाली, SSL ची, म्हणजे सुरक्षित जोडणीची, बोलणी होऊन कुठलं सायफर, कुठली गुप्त लिपी ठरली, सर्व्हरचं ओळखपत्र म्हणजे सर्टिफिकेट कुणाच्या नावाचं, कुणी दिलेलं. तेव्हाचं curl सर्टिफिकेट खरं की खोटं ते स्वतः तपासत नसे, म्हणून ते नाव मी अक्षर न् अक्षर वाचायची. मग उजवीकडे टोक केलेली खूण: तिथून आपण पाठवलेले हेडर सुरू. POST ही अर्ज पाठवायची आज्ञा, होस्ट म्हणजे सर्व्हरचं नाव, आपली ओळख पटवणारी कुकी, मजकुराची लांबी. शेवटी डावीकडे टोक केलेल्या ओळी, म्हणजे सर्व्हरचं उत्तर. तिथे 'सगळं ठीक' सांगणारा दोनशे आकडा दिसला की काम फत्ते. उत्तराचं पान मात्र मी साठवतच नव्हते. दर वेळी तीच नक्षी आणि तेच आभार, कागद कशाला नासवायचा?

जत भागातल्या एका शाळामास्तरणीचा अर्ज त्यात होता. माझ्याच वयाची. तिचे वडील सेंटरवर यायचे आणि पावती मागायचे. पावती अशी काही नव्हतीच, म्हणून मी तो टिक केलेला कागद, वर पेनाने तिचं नाव लिहून, त्यांच्या हातात द्यायची. ते तो घडी करून टोपीत ठेवत.

एका महिन्यात ते मधेच आले. "बाई, औषिद आलं न्हाई. डॉक्टर म्हणत्यात अर्जच न्हाई पोचला. कागद तर हाय की माज्याकडं."

मी जरा घुश्शातच कागद घेतला. हॉस्पिटलवाल्यांनीच घोळ घातला असणार, असं माझं ठाम मत. सर्टिफिकेट बरोबर, टिक. सायफर, टिक. POST, टिक. होस्ट, टिक. त्याखाली थेट मजकुराची लांबी. मधे कुकी नव्हती.

लॉगिन केल्यावर सर्व्हर कुकी देई आणि ती पुढच्या आज्ञेत मी हाताने घाले. त्या दिवशी लाइन तुटली होती. पुन्हा डायल करून मी वरच्या बाणाची कळ दाबून जुनी आज्ञा मागे आणली, आणि ती आधी करून पाहिलेली, कुकी नसलेली निघाली. सर्व्हरने मला ओळखलंच नाही आणि लॉगिनचं पान परत पाठवलं. पान नीट पोचलं, म्हणून आकडा दोनशे. उत्तराची लांबीसुद्धा नेहमीच्या पाचपट होती, आणि त्या आकड्यावरही माझी टिक होती.

दार बरोबर आहे ना, कुलूप पक्कं आहे ना, हे मी डोळ्यांत तेल घालून बघितलं होतं. आत कोण चाललंय ते सांगायचंच राहिलं होतं.

"चूक माझी आहे, काका," मी म्हणाले. ते बाकावर बसून राहिले.

मी तिथल्या तिथे अर्ज पुन्हा पाठवला. कुकी पाहिली आणि या वेळी उत्तराचं पानही छापलं. अर्ज मिळाला, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. डॉक्टरांनीही संस्थेला घाईचं कळवलं. पार्सल मिरजेला पोचलं तेव्हा तिला जाऊन चार दिवस झाले होते. औषध वेळेवर असतं तरी ती किती जगली असती, ते सांगता येत नाही, असं डॉक्टर मला म्हणाले. ते माझ्या समाधानासाठी म्हणाले हे मला कळत होतं. मला त्यांचा राग आला.

महिन्याभराने वडील सेंटरवर आले. मी उठून उभी राहिले. शिव्या खायची तयारी ठेवली होती. खरं तर त्या मला हव्याच होत्या.

"ते औषिद दुसऱ्या कुणाला दिलं का?"

"दिलं, काका. इचलकरंजीच्या एका पेशंटला."

"बरं झालं." मग ते म्हणाले, "माजा कागद तुमच्याकडंच ऱ्हायला त्या दिवशी."

मी ड्रॉवरमधून तो काढला. हा चुकीचा कागद आहे, याचा आता काही उपयोग नाही, असं सांगायचा प्रयत्न केला.

"असूं द्या," ते म्हणाले. "तिचं नाव हाय त्यावर."

त्यांनी घडी घातली आणि कागद टोपीत ठेवला.