श्री. मयत यांची तक्रार

शववाहिनीच्या चालकाला सगळे 'वक्तशीर' म्हणत. बावीस वर्षांत त्याने एकाही मयताला उशीर होऊ दिला नव्हता. ज्यांना मुळीच घाई नसते त्यांनाच आपण आयुष्यभर वेळेवर पोहोचवत आलो, हे त्याच्या कधी ध्यानात आलं नाही. घरी कोथिंबीर आणायला पाठवला तर दोन तास गायब असायचा, पण ती गोष्ट वेगळी, असं तो बायकोला सांगायचा.

एका सकाळी साडेनऊला त्याने नेहमीच्या पंपावर तीस लिटर डिझेल भरलं, पावती खिशात घातली, आणि दहाला एका घरासमोर गाडी लावली. मयताला घेऊन निघाला. सव्वादहाला भर चौकात गाडीने दोन आचके दिले आणि जी बंद पडली ती पडलीच. मागे बसलेले मेव्हणे, पुतणे, शेजारी असे सहा जण उतरले आणि धक्का मारू लागले. त्यांतला एक जण घाम पुसत म्हणाला की आज कोण कोणाला पोहोचवतंय तेच कळेना. वक्तशीरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मेकॅनिकने येऊन फिल्टर खोलला आणि आतलं सगळं एका काचेच्या बाटलीत ओतलं. वर डिझेल, खाली चार बोटं पाणी. टाकी रिकामी करून, नळ्या साफ करून, नवा फिल्टर बसवेपर्यंत दीड तास गेला.

गाडी ज्या धर्मादाय संस्थेची, तिचे सेक्रेटरी कडक गृहस्थ होते. मयताच्या मेव्हण्याने त्यांना फोन करून जे काय सुनवायचं ते सुनवलं होतं, आणि त्यांनी चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचं ठरवलं. गाडीची निगा चालकाकडे, तेव्हा चूक चालकाची. इंधनात पाणी होतं असं तेल कंपनीने लिहून दिलं तर बघू, नाहीतर एक तारखेपासून चावी दुसऱ्याकडे. आणि पत्र मूळ पाहिजे, झेरॉक्स चालणार नाही.

वक्तशीर बाटली घेऊन पंपावर गेला. पंपमालकाने त्याच्यासमोर उंच भांड्यात डिझेल काढलं, त्यात काचेची घनतामापक नळी तरंगत सोडली, तापमान पाहिलं, तक्त्यावर हिशेब केला आणि आकडा सकाळच्या नोंदीशी जुळतो हे दाखवून हात झटकले. मेकॅनिकचं म्हणणं होतं की जुळणारच. पाणी टाकीच्या बुडाशी बसतं, नळीतून येईल तेव्हा येतं. मग वक्तशीरने पंपाच्या तक्रारवहीत सगळं लिहिलं, पावतीवरचा क्रमांक टाकला, आणि वहीच्या मागे छापलेल्या कंपनीच्या क्रमांकावर फोन लावला.

पलीकडच्या मुलीपुढे प्रश्नांची यादी होती आणि यादीबाहेर जायची तिला मुभा नव्हती. वाहन कोणतं? शववाहिनी. हा पर्याय तिच्याकडे नव्हता, तिने 'प्रवासी वाहन' लिहिलं. प्रवासी होते का? होते. किती? सहा, आणि एक. मुख्य प्रवाशाचं नाव सांगा. वक्तशीर माणूस सरळ, त्याने संस्थेच्या नोंदवहीत लिहितात तसं सांगितलं, मयत अमुक अमुक, आणि पत्ताही दिला.

"मयत हे पहिलं नाव का?" मुलीने विचारलं.

"सध्या तेच आहे," वक्तशीर म्हणाला.

प्रवाशाला काही इजा? नव्याने नाही. प्रवासी शेवटी इच्छित स्थळी पोहोचले का? पोहोचले, पण दीड तास उशिरा. प्रवाशाची स्वतःची काही तक्रार आहे का? वक्तशीरने जरा विचार केला आणि सांगितलं की ते काही बोलले नाहीत, सगळा त्रास बाकीच्यांनाच झाला. मुलीने तक्रार नोंदवली आणि आपला दिवस शुभ जावो म्हणाली.

चौथ्या दिवशी कंपनीचा विक्री अधिकारी पंपावर आला. वक्तशीर आणि मेकॅनिक आधीच हजर होते. बाटली त्याने हातातसुद्धा घेतली नाही. ती कोणी भरली, कुठे भरली, मधे कोणी उघडली, याला पुरावा नाही, म्हणाला. त्याने पंपाच्या नळीतून नमुने घेतले, ॲल्युमिनियमच्या डब्यांत भरले, सील केले आणि पंपमालकाची सही घेऊन प्रयोगशाळेकडे पाठवायला ठेवले. मग मापाच्या लांब काठीच्या टोकाला पाणी ओळखायचं मलम लावलं आणि ती जमिनीखालच्या टाकीत सोडली. काठी वर आली तेव्हा मलमाचा रंग वीतभर बदललेला होता. आडातच पाणी, तर पोहऱ्यात दुसरं काय येणार? पंपमालकाच्या तोंडचं मात्र पळालं. टाकीच्या झाकणाची रबरी पट्टी कुजली होती आणि गाड्या धुतल्याचं पाणी तिथूनच झिरपत होतं. अधिकाऱ्याने त्या टाकीची विक्री तिथल्या तिथे बंद केली.

पंधरा दिवसांत पत्र येईल, असं तो म्हणाला. पंधरा दिवस झाले, अठरा झाले. महिना संपायला दोन दिवस उरले तेव्हा वक्तशीरने अधिकाऱ्याला फोन केला. पत्र केव्हाच गेलं होतं, तक्रारदाराच्या नोंदवलेल्या पत्त्यावर, श्री. मयत यांच्या नावाने. दुसरं देता येईल का? नाही येणार. पत्र गेलं की तक्रार बंद होते, आणि बंद झालेली तक्रार उघडायचा अर्ज फक्त तक्रारदार स्वतः करू शकतो.

अडला हरी, वक्तशीर त्या घरी गेला. दार मयताच्या बायकोने उघडलं. तिने त्याला ओळखलं, आत बसवलं. टेबलावर ते पत्र चष्म्याखाली ठेवलेलं होतं, घड्या पडून पडून मऊ झालेलं. वक्तशीरने मागण्याआधीच तिने ते त्याच्या हातात दिलं.

'प्रिय श्री. मयत, आपल्या प्रवासात आलेल्या व्यत्ययाबद्दल कंपनी आपली मनःपूर्वक क्षमा मागते. आमच्या पंपाच्या टाकीत पाणी आढळले असून दोष सर्वस्वी आमचा आहे. आपला बहुमोल वेळ वाया गेला याचा आम्हाला खेद वाटतो. आपणास पुन्हा सेवा देण्याची संधी मिळावी.'

सेक्रेटरींना हवं होतं ते सगळं त्यात होतं, शिक्क्यासकट. वक्तशीरच्या ओठांवर हसू यायला लागलं होतं, तेवढ्यात बाई बोलायला लागल्या.

"हे चौतीस वर्षं पाणीखात्यात तक्रारीच्या खिडकीवर होते. पाणी आलं नाही की लोक यांना शिव्या द्यायचे. पाणी सोडणं यांच्या हातात नव्हतं, तरी दिवसभर सगळ्यांची माफी मागायचे. घरी येऊन कधी कधी मलासुद्धा सवयीने 'क्षमस्व' म्हणायचे." त्यांनी चष्मा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "त्यांची माफी कोणी मागितलेली मी हीच पहिली पाहिली. रोज एकदा वाचून दाखवते."

वक्तशीरने पत्राची घडी होती तशी घातली. इतके दिवस आपण मेकॅनिकला, पंपमालकाला, कंपनीला, सेक्रेटरींना, सगळ्या जगाला आपली चूक नाही हे पटवत फिरलो, आणि या बाईंना उशीर झाल्याबद्दल एक शब्द बोललो नाही, हे त्याला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

"तुम्हाला हे पत्र लागणार होतं का?" बाईंनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "डिझेल कोणाचंही असो, बाई, गाडी मी चालवत होतो. साहेबांना दीड तास रस्त्यात थांबवलं. माफी मागायला आलोय."

बाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "मला नका सांगू. त्यांना सांगा." आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं.

वक्तशीर उठला, चपला काढायच्या राहिल्या होत्या त्या काढल्या, आणि फोटोसमोर उभा राहून, खिडकीशी आलेल्या माणसासारखा, सगळं पहिल्यापासून सांगू लागला.