दिव्याजवळचा धूर आणि स्वयंपाकघरातला पंखा

बाबा गेले ते वैशाखात. लातूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये एसी नाही, मजला सर्वांत वरचा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर डोक्यावर उष्णता सोडत राहतो. बाबा गेले त्या जागी, हॉलमध्ये, दहा दिवस दिवा तेवत ठेवायचा होता. तो विझू नये म्हणून दादाने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. भेटायला येणाऱ्यांसाठी दार मात्र भर उन्हात उघडं असे.

तिसऱ्या दिवशी आईचा रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, यांना झोप हवी, गारवा हवा. दादाने ठरवून टाकलं की तेरावं झालं की आईला पुण्याला, त्याच्या एसीच्या घरात न्यायचं.  आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि डबे पुसत बसली.

मी नांदेडला कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. उन्हाळ्यात इथं आले की झोप चांगली लागायची. ती कशी, हे बाबांना मी कधी विचारलं नाही. रात्री ते स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावायचे, एवढंच आठवत होतं.

त्या रात्री बाहेरची हवा घरातल्यापेक्षा गार झाल्यावर मी बेडरूमच्या खिडक्या उघडल्या, फॅन लावला, आणि जास्त हवा यावी म्हणून फॅनशेजारची खिडकीही उघडली. फॅन घरघरत राहिला. बेडरूम तशीच कोंदट. दिव्याजवळच्या उदबत्तीचा धूर सरळ वर चालला होता.

आई उठून आली.

"काय करायलीस? ती खिडकी लाव. पंखा जवळचीच हवा ओढतो आन् तिथूनच बाहेर टाकतो. तुझे बाबा रोज लावायचे ती."

मी लावली. बाथरूमच्या झरोक्यातून हवा येऊ नये म्हणून त्याचं दारही ओढून घेतलं. हळूहळू धूर स्वयंपाकघराकडे वाकला आणि बेडरूमकडून झुळूक आली. ज्योतही वाकली. दादा फॅन बंद करायला उठला.

"दिव्याला आडोसा कर," आई म्हणाली. "त्यांनी या घरात एक रात्र उकाड्यात काढली न्हाई. आता त्यांच्यापायी मी काढू?"

दादाने दिव्यापुढे पाट उभा केला. आम्ही दोघं पाळीने बसलो. आई उजाडेपर्यंत झोपली.

ऊन चढायच्या आत तिनेच फॅन बंद केला, खिडक्या लावल्या, पडदे ओढले. आत्या आली तेव्हा म्हणाली, सुतकाच्या घराचं दार लावून घेतात का. आईने तिला हाताला धरून आत घेतलं आणि दार लोटलं. दुपारी दादा गार राहिलेल्या भिंतीला तळहात लावून बराच वेळ उभा होता.

रोज रात्री तसंच केलं. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, तो उतरला होता. पुण्याचं नाव दादाने पुन्हा काढलं नाही. एकटा परत जायच्या आदल्या दिवशी तो स्टुलावर चढून फॅनची तेलकट पाती पुसत होता. आई खाली स्टूल धरून उभी होती.