हिरड्या आणि भावाची किडनी

बायकोला किडनी तिच्या थोरल्या भावाने दिली. तो देवळ्याचा कांद्याचा व्यापारी. माणूस दिलदार, पण दिलेलं विसरू देणारा नाही. पाहुणे आले की शर्ट वर करून व्रण दाखवायचा.

वर्षभरात तिच्या हिरड्या वाढू लागल्या. आधी दातांच्या फटींत गाठी, मग पुढचे दात निम्मे झाकले गेले. ब्रश लावला की रक्त यायचं, म्हणून ती हलकेच फिरवायची. त्यामुळे कीटण साचलं आणि सूज आणखी वाढली.

भाचीच्या लग्नात तिची वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, नाशकात पेस्ट मिळत नाय का?" बायका हसल्या. फोटोत ही मागे उभी राहिली.

गंगापूर रोडच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी औषधांची नावं विचारली. किडनी टिकवणारी सायक्लोस्पोरिन आणि रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन. दोन्ही हिरड्या वाढवतात, असं त्या म्हणाल्या. "पण स्वतःहून एकही गोळी बंद करायची नाही. किडनीच्या डॉक्टरांशी मी बोलते."

आधी रक्तदाबाची गोळी बदलली. दात साफ करून घेतले, ब्रश कसा फिरवायचा ते ती नव्याने शिकली. काही महिन्यांत सूज उतरली, वाढ मात्र पुरती गेली नाही. तेव्हा किडनीच्या डॉक्टरांनी सायक्लोस्पोरिनऐवजी टॅक्रोलिमस सुचवलं. त्याची रक्तातली पातळी वरचेवर तपासावी लागणार होती.

मेहुण्याला कळलं तसा तो नाशकात आला.

"दाजी, तुम्हाला हिरड्यांची पडलीय. मला माझ्या किडनीची पडलीय. चाललेली गोळी बदलायची नाय!"

"दादा," ती म्हणाली, "दिलीस ना? मग ती माझी."

"लय बोलाया लागली. माझ्यामुळं बोलतीस."

तो चहा न घेता गेला.

औषध बदललं. हात थोडे थरथरू लागले. डॉक्टरांनी मात्रा जुळवली. उरलेली वाढ भूल देऊन कापली. ती पुन्हा येऊ शकते, म्हणून दर तीन महिन्यांनी सफाई. किडनी कशी चालते ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन होतं तिथेच राहिलं, १.२.

मेहुण्याचा दर महिन्याला मला एकच मेसेज यायचा: 'क्रिएटिनिन?' मी आकडा पाठवायचो. आकड्यांशी माझं जमतं, आणि मला त्यात काही गैर दिसलं नव्हतं. एके दिवशी तिने तो मेसेज पाहिला.

"माझी विचारपूस कुठे आहे यात?"

मी मागचे मेसेज चाळले. नव्हती.

"पाठवू नका."

मी पाठवला नाही. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. तिने माझ्या हातातून घेतला.

"दादा, मी बरी आहे. दात दिसतात माझे. ते विचार आधी."

पलीकडून, "आकडा सांग."

तिने फोन ठेवला. त्या वर्षी भाऊबीजेला तो आला नाही, हिनेही बोलावलं नाही. टॅक्रोलिमसच्या वेळेला मात्र ती एक मिनिटही चुकत नाही.